घर सांभाळणाऱ्यासाठी चिठ्ठी: ठिकाण सांगायचं की वाट?

घर सांभाळायला येणाऱ्यासाठी चिठ्ठी लिहिताना दोन गोष्टींची सरमिसळ होते: एखादी जागा कुठे आहे, आणि तिथे कसं जायचं. ‘किराणा दुकान शाळेच्या मागे आहे’ हे झालं ठिकाण. ज्याच्या डोक्यात परिसराचा नकाशा आहे त्याला एवढं पुरतं. नवख्याला मात्र शाळेला कोणत्या बाजूने वळसा घालायचा, हेच ठाऊक नसतं.

वाट सांगायची तर ती चालणाऱ्याच्या पावलांबरोबर जायला हवी. उदाहरणार्थ:

‘फाटकातून बाहेर पडताच उजवीकडे वळा. डाव्या हाताची पहिली गल्ली पुढे बंद आहे, ती सोडा. पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या गल्लीत डावीकडे वळा. दुकान उजव्या हाताला लागेल. घरापासून पाच मिनिटं. पेट्रोल पंप दिसला, तर वळण मागे राहिलं.’

इथे ‘दुसरी गल्ली’ असं मुद्दाम लिहिलेलं नाही. बंद गल्ली कुणी मोजतो, कुणी मोजत नाही, आणि तिथेच माणूस चुकतो. खूण वळणावरचीच हवी, आणि न हलणारी; उभी केलेली गाडी उद्या तिथे नसेल. साध्या चालीने पाच मिनिटांत साधारण ४०० मीटर होतात. दहा मिनिटं झाली तरी दुकान आलं नाही, तर चुकल्याचं आपोआप कळतं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पेट्रोल पंपाचं वाक्य, कारण चुकलेल्या माणसाला सावरणारं तेवढं एकच असतं.

परतीची वाट वेगळी लिहावी. तीच वळणं उलट्या क्रमाने येतात आणि डाव्याचं उजवं होतं. शिवाय टाकी आता दुसऱ्या बाजूने दिसते. अंधारात, हातात पिशव्या घेऊन हा हिशेब कुणाला करायला लावू नये.

बस थांब्याची वाट सोपी असली तरी एक ओळ वाढवावी लागते. एकाच नावाचे दोन थांबे रस्त्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून जाताना अलीकडचा की पलीकडचा आणि येताना कुठे उतरायचं, हे लिहावं.

दवाखान्याच्या बाबतीत मात्र वाट आणि ठिकाण दोन्ही हवं. पायी जाणाऱ्याला वाट लागते. रात्री रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागली, तर चालकाला दवाखान्याचं नाव, रस्ता आणि जवळची मोठी खूण सांगता यायला हवी. पायवाटेने किंवा जिन्यावरून जाणारी वाट गाडीला उपयोगाची नाही. आणि रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली, तर तिला दवाखान्याचा नव्हे, आपल्याच घराचा पत्ता सांगावा लागतो. तो पाहुण्याला पाठ नसतो. इमारत, मजला, घर क्रमांक, रस्ता आणि गाडी कोणत्या फाटकातून आत येते, हे चिठ्ठीच्या अगदी वर मोठ्या अक्षरांत लिहावं.