बोनस आणि स्प्लिट: पात्रता कोणाची, अर्ज कुठे, आणि रक्कम तेवढीच का?

बोनस म्हणजे कंपनीने भागधारकांना विनामूल्य दिलेले जादा शेअर, आणि स्प्लिट म्हणजे एका शेअरचे लहान तुकडे. पहिली गोष्ट, दोन्हींसाठी अर्ज कुठेच करायचा नाही. शेअर डीमॅटमध्ये असतील तर बोनस किंवा स्प्लिटसाठी फॉर्म, शुल्क, ओटीपी काहीही लागत नाही. ‘बोनस मिळवण्यासाठी लिंकवर क्लिक करा’ असा मेसेज आला तर तो फसवणुकीचाच समजा. ज्यांच्याकडे अजून कागदी सर्टिफिकेटं आहेत, त्यांनी मात्र कंपनीच्या रजिस्ट्रारकडे पॅन आणि केवायसी पूर्ण करून ते शेअर डीमॅट करून घ्यावेत.

पात्रतेची अट एकच: रेकॉर्ड डेटला, म्हणजे पात्र भागधारकांची यादी ठरवण्यासाठी कंपनीने जाहीर केलेल्या तारखेला, शेअर तुमच्या खात्यात हवेत. आज घेतलेला शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी जमा होतो, म्हणून रेकॉर्ड डेटच्या दिवशी घेतलेल्यावर बोनस नाही. एचडीएफसी बँकेच्या १:१, म्हणजे एका शेअरमागे एक, बोनसची रेकॉर्ड डेट २७ ऑगस्ट २०२५ होती. त्या दिवशी गणेश चतुर्थी, बाजार बंद. त्यामुळे २६ तारखेलाच शेअर एक्स-बोनस, म्हणजे बोनसच्या हक्काशिवायचा, झाला आणि २५ तारखेपर्यंत घेणारेच पात्र ठरले.

एक्स-बोनस होण्याच्या आदल्या दिवशी भाव १,९६० च्या आसपास होता. ५० शेअर असलेल्याचे ९८,००० रुपये. बोनसनंतर १०० शेअर, भाव ९८०, रक्कम तीच. कारण बँकेत नवा पैसा आलाच नाही. राखीव निधीतली रक्कम कागदोपत्री भागभांडवलात वळवली गेली. सगळ्यांचेच शेअर दुप्पट झाल्यामुळे तुमचा हिस्साही होता तेवढाच राहिला. स्प्लिटमध्ये तर राखीव निधीलाही हात लागत नाही. १० रुपये दर्शनी मूल्याचा एक शेअर २ रुपयांचे पाच होतो, बस.

गोंधळ होतो तो मधल्या दिवसांत. भाव लगेच निम्मा होतो, पण नवे शेअर जमा व्हायचे असतात. ॲपवर निम्मी रक्कम गेलेली दिसते आणि लोक घाबरून विकतात. सेबीच्या नियमानुसार बोनस शेअर रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी विक्रीला खुले होतात, तोवर थांबावं.

खरा फरक पडतो करात. समजा ते ५० शेअर १,४०० ला घेतले होते. ॲप बहुधा सरासरी ७०० दाखवेल, पण आयकर तसं मानत नाही. जुन्या ५० ची किंमत १,४०० च राहते आणि बोनसच्या ५० ची शून्य. विकताना जुने आधी गेले असं धरतात, म्हणजे ९८० ला पहिले ५० विकल्यावर २१,००० तोटा, आणि पुढचे ५० विकल्यावर पूर्ण ४९,००० नफा. शिवाय बोनस शेअर बाळगल्याची मुदत वाटपाच्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे वर्षाच्या आत विकल्यास तो अल्पकालीन नफा ठरतो. स्प्लिटमध्ये ही भानगड नाही: खरेदी किंमत विभागली जाते, तारीख मूळचीच राहते.