डब्यातली दुधाची बाटली: दूध किती, साखर किती?

शाळेच्या डब्याबरोबर जाणाऱ्या फ्लेवर्ड मिल्कच्या बाटलीमागे वेष्टनावर एक छोटा तक्ता असतो. त्यात 'टोटल शुगर्स' पुढे दर 100 मिलिलिटरला 11.5 ग्रॅम असा आकडा दिसला की काही पालक बाटली जागेवर ठेवून देतात, तर काहीजण 'अहो, दुधातही साखर असतेच की' म्हणून ती पिशवीत टाकतात. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. दुधात साखर असते हे खरं, पण ती किती आणि वरून ओतलेली किती, हे वेगळं केल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

दुधातली नैसर्गिक साखर म्हणजे लॅक्टोज. 100 मिलिलिटर दुधात ती साधारण 4.7 ते 5 ग्रॅम असते, म्हणजे 180 मिलिलिटरच्या पेल्यात साडेआठ-नऊ ग्रॅम. तरीही साधं दूध आपल्याला फारसं गोड लागत नाही, कारण लॅक्टोजची गोडी चहातल्या साखरेच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेच्या मर्यादा सांगितल्या, तेव्हा दुधातलं लॅक्टोज त्यातून वगळलं. मोजायची ती वरून घातलेली साखर, आणि तिच्यासोबत मध, सरबतं आणि फळांचे रस यांतली साखर. गूळ आणि खजुराचा पाकही त्याच रांगेत बसतात. रंग तपकिरी असला म्हणून त्यांना सूट मिळत नाही.

आता हा हिशेब बाटलीवर करून पाहू. भारतातल्या नियमांनुसार पोषणाच्या तक्त्यात एकूण साखर आणि 'ॲडेड शुगर्स', म्हणजे वरून घातलेली साखर, वेगवेगळी छापावी लागते. ती ओळ स्पष्ट दिसली तर काम सोपं. पण छपाई बारीक असते, कधी वळ्यांमध्ये दडते, कधी जुना साठा हाती येतो. अशा वेळी प्रथिनांच्या आकड्यावरून अंदाज बांधता येतो. दुधात लॅक्टोज हे प्रथिनांच्या साधारण दीडपट असतं. म्हणून तक्त्यातल्या प्रथिनांना दीडने गुणायचं, आलेली संख्या एकूण साखरेतून वजा करायची, आणि उरेल ती वरची साखर समजायची.

समजा 180 मिलिलिटरच्या बाटलीवर दर 100 मिलिलिटरला प्रथिनं 3 ग्रॅम आणि एकूण साखर 11.5 ग्रॅम लिहिली आहे. तीनचे दीडपट साडेचार, हे झालं दुधाचं स्वतःचं लॅक्टोज. उरले 7 ग्रॅम. बाटली 180 मिलिलिटरची, म्हणजे 12.6 ग्रॅम साखर वरून घातलेली आहे. चहाचा सपाट चमचा सुमारे 4 ग्रॅमचा धरला तर हे तीन चमचे झाले. एकूण साखरेचा आकडा बाटलीला वीस ग्रॅमच्या वर जातो. त्यातली चाळीस टक्के गाईम्हशीची आणि साठ टक्के कारखान्याची.

दुसऱ्या एखाद्या पाकिटावर त्याच जागी प्रथिनं 1.8 ग्रॅम आणि साखर 11 ग्रॅम असू शकते. तीच रीत लावली तर लॅक्टोज 2.7 आणि वरची साखर 8.3 निघते. पण इथे साखरेपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. साध्या दुधात दर 100 मिलिलिटरला 3.2 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. इथे 1.8 आहेत, म्हणजे पाकिटात दूध निम्म्याहून थोडंच जास्त आहे, बाकी पाणी आणि साखर. अशा पाकिटाच्या घटकांच्या यादीत पाणी वरच्या क्रमांकांवर दिसेल, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, आणि नावातही नुसतं 'मिल्क' नसून 'बेव्हरेज' किंवा 'ड्रिंक' असा शब्द असू शकतो. दाटपणावर मात्र विसंबू नये. कोकोची पूड तळाशी बसू नये म्हणून कॅराजीननसारखे घट्ट करणारे पदार्थ घालतात आणि त्यांच्यामुळे पातळ दूधही जिभेला मलईदार लागतं.

ही युक्ती दोन ठिकाणी फसते. घटकांत व्हे पावडर, म्हणजे चीज करताना वेगळ्या होणाऱ्या पाण्याची पूड, असेल तर लॅक्टोज प्रथिनांच्या मानाने बरंच जास्त येतं आणि वरची साखर आहे त्याहून जास्त दिसते. वेगळी प्रथिनं मिसळून 'हाय प्रोटीन' केलेल्या दुधात उलटं होतं: दीडपटीने लॅक्टोज फुगतं आणि साखर कमी भासते. यादीत माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून केलेलं कर्बोदक दिसलं तर कर्बोदकांची ओळही वाचावी. ते रासायनिक व्याख्येने 'शुगर' नाही म्हणून साखरेच्या ओळीत येत नाही, पण पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज झपाट्याने होतं.

मग 12.6 ग्रॅम म्हणजे फार की थोडी? वेष्टनावर याची टक्केवारीही असते, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. ती टक्केवारी दिवसाला 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढासाठी, 50 ग्रॅम वरची साखर धरून काढलेली असते. त्या मापाने ही बाटली 25 टक्के होते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज मात्र साधारण 1700 किलोकॅलरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ऊर्जेच्या 10 टक्के, म्हणजे या वयाला सुमारे 42 ग्रॅम. तीच संघटना शक्य तर 5 टक्क्यांवर थांबा असंही सुचवते, म्हणजे 21 ग्रॅम. पहिल्या मापाने एका बाटलीत दिवसाचा 30 टक्के वाटा संपतो, दुसऱ्या मापाने 60 टक्के. आणि अजून सकाळची मधली सुट्टीच चालू आहे. बिस्किटं, जॅमची पोळी, वाढदिवसाचं चॉकलेट पुढेच आहे.

बदल्यात मिळतं काय? वर पाहिलेल्या पहिल्या बाटलीत 5.4 ग्रॅम प्रथिनं आहेत आणि कॅल्शियम साध्या दुधाच्या जवळपास, म्हणजे 200 मिलिग्रॅमच्या आसपास. या वयाची दिवसाची गरज 650 मिलिग्रॅम आहे, म्हणजे जवळपास एक तृतीयांश भागते. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. तेवढ्याच कोलात 18-19 ग्रॅम साखर असते आणि प्रथिनं शून्य. पण हाच फायदा 180 मिलिलिटर साध्या दुधातही तितकाच मिळतो. तीन चमचे साखरेने त्यात 50 किलोकॅलरींपलीकडे कशाचीही भर पडत नाही. त्या 50 किलोकॅलरींमुळे भूक मेली तर डब्यातली पोळीभाजी परत येते, आणि मग तोटा दुहेरी.

दातांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण तिथे ग्रॅमपेक्षा वेळ महत्त्वाची. लॅक्टोज दातांना साखरांमधलं सगळ्यात कमी त्रासदायक, शिवाय दुधातलं केसिन नावाचं प्रथिन, कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांच्या बाजूने काम करतात. साधी साखर मात्र दातांवरच्या जिवाणूंना दुहेरी उपयोगाची: ते तिचं आम्ल करतात आणि तिच्यापासून चिकट थरही विणतात. एका घोटानंतर तोंडातलं आम्ल ओसरायला अर्धा तास लागू शकतो. म्हणून पाच मिनिटांत संपवलेली बाटली आणि बसमध्ये तासभर स्ट्रॉने घोटघोट प्यायलेली तीच बाटली, दातांसाठी एक नाहीत. वर पाण्याची एक चूळ भरली तरी फरक पडतो.

इथवर बाटलीवाल्यांना धारेवर धरलं, पण घरचा मिल्कशेक अनेकदा त्याहून गोड असतो. घरात तो कुणी मोजत नाही, एवढंच. 150 मिलिलिटर दूध, एक केळं, दोन चमचे साखर आणि वर आइस्क्रीमचा एक गोळा, असा साधा बेत घ्या. घोळ 'चमचा' या शब्दात आहे. शेक करताना हाती येतो तो बहुधा पोह्याचा चमचा. तो सपाट भरला तरी आठ-नऊ ग्रॅमचा भरतो, शिगेचा त्याहून बराच जास्त. दोन चमचे म्हणजे 17 ग्रॅम, आइस्क्रीमच्या 50 ग्रॅमच्या गोळ्यातून आणखी सहा-सात. झाले 23-24 ग्रॅम, बाजारच्या बाटलीच्या जवळपास दुप्पट, आणि दूध मात्र कमी. केळ्याची स्वतःची साखर यात धरलेलीच नाही. आपला चमचा नेमका कितीचा हे पाहायचं तर दहा सपाट चमचे साखर काट्यावर तोलून दहाने भागावं.

शेक इतका गोड करावासा वाटतो त्यालाही कारण आहे. थंडीने जिभेची गोडीची जाण मंदावते. विरघळलेलं आइस्क्रीम अति गोड लागतं ते यामुळेच. बर्फगार शेकमध्ये साखर कमीच वाटते आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. तेव्हा साखर घालण्याआधीच शेक चाखावा आणि तो फ्रीजमधल्या गारव्याइतकाच ठेवावा, बर्फ न घालता. केळं सालीवर काळे ठिपके आलेलं घेतलं तर बहुतेक वेळा साखर लागतच नाही.

डब्यासाठी मात्र घरचा शेक मुळातच गैरसोयीचा. सातला भरलेली बाटली साडेदहाला उघडते, आणि उन्हाळ्यात दप्तरात सहज 32 अंशांच्या वर तापमान असतं. एवढ्या उष्म्यात दुधाचा पदार्थ तासाभराहून जास्त ठेवू नये, एरवी दोन तास. त्यात मिक्सरच्या पात्याखालच्या रबरी रिंगेत कालचं दूध अडकलेलं असलं तर नासायला निमित्तच मिळतं. त्यापेक्षा 200 मिलिलिटरचं साध्या यूएचटी दुधाचं पाकीट सोयीचं. ते काही सेकंद 135 अंशांच्या वर तापवून निर्जंतुक वेष्टनात भरलेलं असतं, त्यामुळे न उघडता फ्रीजबाहेर टिकतं. फुगलेलं किंवा झाकणापाशी ओलसर पाकीट तेवढं टाकून द्यावं, चव घेऊन पाहण्याच्या भानगडीत पडू नये.

चॉकलेटी दुधाचीच सवय लागलेलं मूल एकदम साधं दूध पीत नाही. त्याच्यासाठी घरी, संध्याकाळच्या पेल्यात, तीन भाग फ्लेवर्ड दूध आणि एक भाग साधं गार दूध असं मिसळायला सुरुवात करावी. दहा-बारा दिवसांनी निम्मं-निम्मं, मग एकास तीन. शेवटच्या टप्प्यावर वेलचीची चिमूट किंवा व्हॅनिलाचे दोन थेंब कामी येतात, कारण या वासांची सांगड मेंदूत गोडीशी आधीच बसलेली असते. पेला निम्मं-निम्मंवर अडून बसला तर आणखी पंधरा दिवस तिथेच राहू द्यावा. त्या टप्प्यावरही वरची साखर 12.6 वरून 6.3 ग्रॅमवर आलेली असते.