हवामान इशाऱ्याचे मराठीकरण (कोकण किनारा)

हवामान आणि समुद्रस्थितीबद्दल इंग्रजीत निघालेला इशारा किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला कळेल अशा मराठीत उतरवणे, म्हणजे हवामान इशाऱ्याचे मराठीकरण. वारा, पाऊस आणि वादळ यांचे इशारे भारतीय हवामान विभाग देतो. लाटांचे आणि समुद्रस्थितीचे इशारे हैदराबादची इन्कॉईस ही संस्था देते. तिथून हा मजकूर जिल्हा प्रशासन, मत्स्यव्यवसाय खाते, बंदर कार्यालय आणि मच्छीमार सोसायट्यांकडे जातो आणि शेवटी मोबाइलवर, वायरलेसवर किंवा जेटीवरच्या लाउडस्पीकरवर पोहोचतो. या साखळीत कुठेतरी एक माणूस इंग्रजी वाक्याचे मराठी वाक्य करतो, आणि बोट सुटणार की नाही हे बरेचसे त्या वाक्यावर ठरते.

इंग्रजी इशाऱ्याची रचना हवामानशास्त्रज्ञाच्या विचारक्रमाने चालते. आधी वातावरणात काय घडते आहे, मग वारा, मग समुद्र आणि सर्वांत शेवटी मच्छीमारांनी काय करावे. मराठीत निरोप सांगताना हा क्रम उलटा होतो. घरचा माणूस निरोप आणतो तेव्हा आधी 'आज जाऊ नका' म्हणतो आणि मग कारण सांगतो. लाउडस्पीकरवर तर पहिले वाक्यच नीट ऐकू येते. नंतरची वाऱ्यात, इंजिनाच्या आवाजात विरतात. म्हणून शब्द बदलण्याआधी वाक्यांची जागा बदलावी लागते.

एक नमुना घेऊ. २२ मे रोजी आलेल्या इंग्रजी मजकुराचे शब्दाला शब्द लावून केलेले मराठी असे होते: 'दक्षिण महाराष्ट्र व गोवा किनाऱ्याच्या बाजूने व किनाऱ्यापासून दूर २४ ते २६ मे दरम्यान ४५-५५ किमी प्रतितास वेगापर्यंत पोहोचणारे व ६५ किमी प्रतितासपर्यंत झोत घेणारे वादळी हवामान प्रचलित राहण्याची खूप शक्यता आहे. समुद्राची स्थिती उग्र ते अतिउग्र असेल. मच्छीमारांना सल्ला देण्यात येत आहे की त्यांनी उपरोक्त कालावधीत समुद्रात जाण्याचे धाडस करू नये. जे समुद्रात आहेत त्यांना २३ च्या संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर परतण्याचा सल्ला दिला जातो.'

यात व्याकरणाची चूक शोधून सापडणार नाही, तरी हे मराठी कोणी बोलत नाही. 'धाडस' हा शब्द इंग्रजीतल्या 'व्हेंचर' क्रियापदातून आला आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ एवढाच की किनारा सोडून आत जाणे. मराठीत मात्र धाडस म्हटले की त्यात आगाऊपणा येतो. पोटासाठी रोज दर्यात जाणाऱ्या नाखव्याला 'धाडस करू नये' म्हणणे हा त्याचा अपमान आहे, आणि अपमान वाटलेला माणूस पुढचे ऐकत नाही.

'सल्ला' हा शब्द याहून जास्त नुकसान करतो. 'फिशरमेन आर अ‍ॅडव्हाइज्ड' या इंग्रजी प्रयोगात सौजन्य असले तरी वजन पुरेपूर असते. मराठीत सल्ला हा घ्यायचा किंवा सोडायचा असतो. दुसऱ्या टोकाला जाऊन 'बंदी' म्हणावे तर तेही खोटे ठरते, कारण कोकणात बंदी म्हणजे १ जून ते ३१ जुलै या पावसाळी काळातली कायदेशीर मासेमारी बंदी. तिच्यात दंड आहे, कारवाई आहे. हवामानाच्या इशाऱ्याला तोच शब्द लावला की लोक दोन्हींची गल्लत करतात. मराठीत यासाठी 'जाऊ नये' हा प्रयोग तयार आहे. तो मोठ्या माणसाने सांगावे तसा लागतो. त्यात हुकूम नाही, पण मोकळीकही नाही. इंग्रजी वाक्यात जेवढे वजन आहे तेवढेच यात उतरते, आणि 'देण्यात येत आहे की' हे सगळे लटांबर आपोआप गळते.

'अलाँग अँड ऑफ द कोस्ट' ही जोडी हवामान विभागाच्या भाषेत नेहमी येते. 'अलाँग' म्हणजे किनाऱ्याला लागून असलेले पाणी आणि 'ऑफ' म्हणजे त्याच किनाऱ्यासमोरचा आतला समुद्र. 'किनाऱ्यापासून दूर' असे लिहिले की इशारा कुठेतरी लांबचा वाटतो. 'किनाऱ्यालगत आणि आत खोल समुद्रातही' असे म्हटले की छोट्या होडीवाल्याला आणि ट्रॉलरवाल्याला, दोघांनाही तो आपलाच वाटतो. 'गस्टिंग टू' म्हणजे स्थिर वेगावर मधूनच येणारा जोराचा झोत; त्याला 'झोत घेणारे हवामान' म्हणून चालणार नाही, झोत वाऱ्याचा असतो. 'किमी प्रतितास' हे कागदावर ठीक आहे, बोलताना मराठी माणूस 'ताशी' म्हणतो. '४५-५५' मधली रेघ वाचणारा गिळतो, म्हणून तिथे 'ते' लिहावे.

नीट केलेला मजकूर मग असा होतो: '२४, २५ आणि २६ मे या तीन दिवशी मासेमारीसाठी समुद्रात जाऊ नये. ज्या बोटी बाहेर आहेत त्यांनी २३ तारखेला संध्याकाळच्या आत किनाऱ्यावर परत यावे. या तीन दिवसांत दक्षिण महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत, तसेच आत खोल समुद्रातही, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने सोसाट्याचे वारे वाहण्याची दाट शक्यता आहे. मधूनच झोत ६५ पर्यंत जाऊ शकतो. समुद्र खवळलेला राहील आणि काही वेळा फार खवळेल.'

यात काय बदलले नाही तेही पाहावे. 'दाट शक्यता' कायम आहे. भाषा ठसठशीत करण्याच्या नादात 'वारे वाहतील' असे लिहिण्याचा मोह होतो, पण तो अंदाज देणाऱ्याच्या तोंडी नसलेली खात्री घालतो. दोनदा वारा आला नाही की तिसऱ्या इशाऱ्याला कोणी किंमत देत नाही. 'दक्षिण महाराष्ट्र' फोडून तालुक्यांची नावे घालणेही टाळले आहे. मूळ मजकुरात ती दिली असतील तरच घालावीत. लाटांच्या उंचीची गोष्ट थोडी वेगळी. समुद्रस्थितीच्या ठरलेल्या श्रेणीत खवळलेला समुद्र म्हणजे अडीच ते चार मीटरच्या लाटा आणि फार खवळलेला म्हणजे चार ते सहा मीटरच्या. हा अर्थ त्या शब्दांतच बांधलेला असल्यामुळे तो उलगडून लिहिला तर मजकुराशी बेइमानी होत नाही.

वेळेचा घोळ सर्वांत धोक्याचा, कारण तो वाचताना दिसतच नाही. इंग्रजीत तारीख मध्यरात्री बदलते. २४ च्या 'अर्ली अवर्स'मध्ये, म्हणजे रात्री एक-दोनच्या सुमाराला, वारा वाढेल असा मजकूर आला आणि त्याचे '२४ तारखेला रात्री' असे झाले, तर किनाऱ्यावरचा माणूस २४ चा दिवस मावळल्यानंतरची रात्र धरतो. आपल्याकडे रात्र ही मागच्या दिवसाची असते. एका शब्दापायी जवळजवळ २४ तासांचा फरक पडतो. इथे '२३ च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर' असेच लिहावे, वाक्य लांबले तरी चालेल.

वाऱ्याच्या दिशेतही अशीच गाठ आहे. 'वेस्टर्ली' वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. 'पश्चिमेकडचा' किंवा 'पश्चिमी' म्हटले की तो कुठून आला आणि कुठे चालला हे स्पष्ट होत नाही. समुद्रप्रवाहाचे नाव मात्र तो जिकडे जातो त्या दिशेवरून पडते, त्यामुळे एकाच मजकुरात वारा आणि प्रवाह दोन्ही आले तर 'कडून' आणि 'कडे' स्वच्छ लिहावेच लागतात.

पावसाच्या इशाऱ्यात 'तुरळक' हा शब्द दगा देतो. 'आयसोलेटेड प्लेसेस' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त चतुर्थांश ठिकाणी. त्याचे 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार पाऊस' असे भाषांतर रुळले आहे आणि चूकही नाही. पण ऐकणारा 'तुरळक' आणि 'पाऊस' हे दोन शब्द जोडतो आणि पाऊस थोडाच आहे असे समजून निर्धास्त होतो. अति मुसळधार म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर, तो ज्या गावावर पडेल त्या गावाला तो तुरळक नाही. 'एखाद-दुसऱ्या ठिकाणी अति मुसळधार पाऊस पडू शकतो' हे जास्त नेमके उतरते.

चक्रीवादळाच्या मजकुरातले 'स्टॉर्म सर्ज' हे सगळ्यात अवघड प्रकरण. 'खगोलीय भरतीपेक्षा १ मीटर उंच वादळी लाट' असे त्याचे भाषांतर केले की वाचणारा एक मीटरची लाट डोळ्यांसमोर आणतो. तेवढी लाट किनाऱ्यावरचे पोर रोज पाहते. प्रत्यक्षात ही लाट नसतेच. वाऱ्याच्या रेट्याने आणि कमी दाबाने समुद्राची अख्खी पातळी चढते आणि लाटा त्याच्यावर येतात. म्हणून 'वादळ किनाऱ्यावर येईल त्या वेळी भरतीचे पाणी एरवी चढते त्याहून सुमारे एक मीटर जास्त चढेल आणि सखल भागात शिरेल' असे सांगावे. इथे कोकणाकडे स्वतःचे शब्द आहेत: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. 'हे दिवस उधाणाचे आहेत' एवढी जोड दिली की खाडीकाठच्या माणसाला आपल्या अंगणात पाणी कुठवर येईल याचा अंदाज स्वतःच बांधता येतो. 'खगोलीय' शब्दाने ते होत नाही. हे वादळ किनाऱ्यावर आले याला इंग्रजीत 'लँडफॉल' म्हणतात; मराठीत वादळ 'धडकते' किंवा 'किनारा ओलांडते', जमिनीवर पडत नाही.

सगळे शब्द मराठी करण्याचा हट्टही नडतो. ऑरेंज अलर्ट, वायरलेस, जीपीएस, ट्रॉलर हे किनाऱ्यावरचे रोजचे शब्द आहेत. उलट 'लोकल कॉशनरी सिग्नल नंबर थ्री' या बंदरावरच्या खुणेला 'स्थानिक सावधानता संकेत क्रमांक तीन' म्हणण्याची गरज नाही. लोक तिला पूर्वीपासून 'तीन नंबरचा बावटा' म्हणतात. बोलीचा प्रश्न माध्यमावर सोडावा. सिंधुदुर्गात लाउडस्पीकरवर 'दर्यात जाव नकात' ही हाक जास्त पोहोचते, पण लेखी निरोप प्रमाण मराठीतच ठेवावा, कारण तो डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरतो आणि बोटींवर परराज्यांतले खलाशीही असतात.

मजकूर जमला की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. इंग्रजी मूळ न पाहिलेल्या माणसाला तो एकदाच मोठ्याने वाचून दाखवायचा आणि विचारायचे: कधीपासून कधीपर्यंत, कुठे, आणि आता काय करायचे? एकाही उत्तराला तो अडखळला किंवा त्याने कागद मागितला, तर ते वाक्य पुन्हा लिहायचे. त्याने सांगितलेल्या तारखा आणि आकडे मग मूळ मजकुराशी ताडून पाहायचे. चुका बहुतेक वेळा तिथेच पकडल्या जातात.

इशारा संपल्याच्या निरोपालाही एवढीच काळजी लागते. 'इशारा मागे घेण्यात आला आहे' या वाक्यातून लोक 'समुद्र शांत झाला' असा अर्थ काढतात आणि बर्फ-डिझेल भरायला घेतात. वारा पडल्यावरही दूरवर उठलेल्या लाटा एक-दोन दिवस किनाऱ्यावर येत राहू शकतात आणि त्यांचा इशारा वेगळा निघतो. अशा वेळी दोन्ही गोष्टी एकाच निरोपात, पण वेगवेगळ्या वाक्यांत सांगाव्यात: 'वाऱ्याचा इशारा आज संपला. मोठ्या लाटांचा इशारा २७ तारखेच्या रात्रीपर्यंत कायम आहे. तोवर छोट्या होड्या पाण्यात घालू नयेत.'