दवाखान्यातला संगणक घरून उघडताना

कोथरूडमध्ये एका बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना आहे असं समजू. रिसेप्शनच्या टेबलावर एकच संगणक आहे आणि मुलांच्या सगळ्या नोंदी त्यातच आहेत. डॉक्टर राहतात धायरीला. रात्री एका बाळाच्या आईचा फोन येतो. मागच्या खेपेला कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं, ते डॉक्टरांना लगेच बघायचं आहे.

संगणक नीट करायला येणारा मुलगा अशा वेळी बहुधा झटपट उपाय करून देतो. एका संगणकाचा पडदा दुसरीकडून उघडून देणारी विंडोजची सोय, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, चालू करतो आणि राउटरमध्ये तिचं 3389 हे पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, बाहेरच्या जगाला उघडतो. काम होतं, पण हे अजिबात करू देऊ नका. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवलं होतं, की एका वेगवान जोडणीवरून त्या सगळ्यांवरचं एखादं पोर्ट पाऊण तासात तपासता येतं. म्हणजे छोटा दवाखाना कुणाच्या नजरेत येणार नाही, ही समजूत चुकीची आहे. उघडं पोर्ट सापडलं की पासवर्डचा मारा सुरू होतो. २०१९ मध्ये तर जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ नावाची अशी त्रुटी सापडली, की पासवर्डशिवायही आत शिरता येत होतं.

माझ्या मते छोट्या दवाखान्यासाठी सरळ मार्ग म्हणजे वायरगार्ड. हे मोफत सॉफ्टवेअर दोन संगणकांमध्ये कूटबद्ध बोगदा तयार करतं. दोन्हीकडे चाव्यांची एकेक जोडी तयार होते. खासगी चावी त्याच संगणकात राहते, सार्वजनिक चावी दुसऱ्याला द्यायची. ओळखीच्या चावीने न आलेल्या संदेशाला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट शोधत फिरणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. राउटरमध्ये 3389 बंद ठेवायचं आणि UDP 51820 एवढंच दवाखान्याच्या संगणकाकडे वळवायचं. घरच्या लॅपटॉपवर एवढं लिहावं लागतं (पत्ता नमुन्याचा आहे):

```
[Interface]
PrivateKey = <laptop private key>
Address = 10.8.0.2/32

[Peer]
PublicKey = <clinic public key>
Endpoint = 203.0.113.10:51820
AllowedIPs = 10.8.0.1/32
```

शेवटच्या ओळीमुळे फक्त दवाखान्याच्या संगणकाकडे जाणारी माहिती बोगद्यातून जाते. घरातलं बाकीचं इंटरनेट नेहमीसारखंच चालतं. दवाखान्याकडच्या विंडोज फायरवॉलमध्येही रिमोट डेस्कटॉपला केवळ 10.8.0.2 कडूनच परवानगी द्यायची. त्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती हवी, कारण होम आवृत्तीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही.

खरी अडचण बहुतेकदा इंटरनेट देणाऱ्याकडे असते. अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटतात, मग बाहेरून आलेला संदेश तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. राउटरच्या पानावर WAN समोर दिसणारा पत्ता आणि एखाद्या संकेतस्थळाला दिसणारा तुमचा पत्ता ताडून पाहा. दोन्ही वेगळे असले, किंवा राउटरवरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असला, तर कंपनीकडून दवाखान्यासाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मागून घ्या.

जोडणी अडली तर दोष कुठे आहे, ते वायरगार्डच्या खिडकीतच कळतं. Latest handshake ही ओळ उमटतच नसेल, तर पत्ता, पोर्ट किंवा चावी तपासायची. ती ओळ दिसते, पण पडदा उघडत नाही? मग बोगदा ठीक आहे, फायरवॉल तपासायची. संगणक झोपी गेला असेल तर बोगदाही बंद पडतो, म्हणून स्लीप बंद ठेवायचं. वीज जाऊन आली की संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी सोय बायोसमध्ये असते, तीही करून घ्यावी. शेवटी घरचं वायफाय सोडून मोबाइलच्या डेटावरून एकदा पाहा. बोगदा बंद असताना 3389 वर जोडणी होता कामा नये.

रिमोट डेस्कटॉपवर घरी येतं ते फक्त पडद्याचं चित्र, फाइल दवाखान्यातच राहते. ते तसंच राहावं म्हणून Local Resources मध्ये क्लिपबोर्ड, प्रिंटर आणि ड्राइव्ह यांच्या खुणा काढून टाका. रुग्णाच्या कागदाचा फोटो स्वतःलाच व्हॉट्सॅपवर पाठवायची सवय मात्र यातलं कुठलंही सेटिंग थांबवू शकत नाही, ती आपणच सोडायची. विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तुम्ही घरून आत आलात की रिसेप्शनचा पडदा कुलूपबंद होतो, म्हणून हे काम दवाखान्याच्या वेळेनंतरच करावं.

लॅपटॉप घरातले इतर लोकही वापरत असतील तर रिमोट डेस्कटॉपचा पासवर्ड त्यात साठवू नका. लॅपटॉप हरवला किंवा चोरीला गेला, तर दवाखान्याच्या वायरगार्डमधून त्या लॅपटॉपचा [Peer] भाग काढून टाकायचा आणि विंडोजचा पासवर्ड बदलायचा. नवा लॅपटॉप आला की त्याची चावी नव्याने तयार करायची, जुनी पुन्हा वापरायची नाही.