पुस्तिकेतल्या सारांशाचा संदर्भ

“परिषदेच्या पुस्तिकेत नुसता सारांश छापलाय, पूर्ण पेपर नाही, म्हणजे त्याचा संदर्भ देताच येत नाही.”

देता येतो. फक्त आपण नेमकं काय वाचलं, ते नोंदीत दिसायला हवं. समजा, पुस्तिकेच्या पान ४७ वर पी-११२ क्रमांकाच्या पोस्टरचा सारांश आहे. नोंदीत लेखक, वर्ष, शीर्षक, चौकटी कंसात ‘पोस्टरचा सारांश’, परिषदेचं नाव, ठिकाण, तारखा, पान आणि क्रमांक लिहायचा. पोस्टर प्रत्यक्ष पाहिलं नसेल तर नुसतं ‘पोस्टर’ लिहू नये. वाचक त्यातले तक्ते शोधत बसतो आणि पुस्तिकेत ते नसतात.

त्याआधी लेखकाचं आडनाव आणि शीर्षकातले दोन-तीन खास शब्द घेऊन शोध घ्यावा. पूर्ण पेपर नंतर आला असेल तर तो वाचून त्याचाच संदर्भ द्यावा, कारण सारांश बरेचदा काम अर्धवट असतानाच पाठवलेला असतो. सारांशात ४० नमुने आणि पेपरात ६२ असले, तर निष्कर्षही बदललेला असू शकतो.

सारांशाचा संदर्भ देता येत नाही, हा समज मात्र अगदीच निराधार नाही. काही वैद्यकीय नियतकालिकं असे सारांश संदर्भसूचीत घेत नाहीत, मजकुरातच कंसात उल्लेख चालवतात. त्यामुळे नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना आधी पाहाव्यात.