पगारवाढीच्या पत्राची वाट पाहू नका

पगारवाढीचं पत्र आलं, आकडा मनासारखा नाही, 'आजच बायोडाटा पाठवा' असे नोकरी बदलू पाहणाऱ्यांचे फोन आम्हाला दरवर्षी ठरावीक दिवसांत येतात. त्यावर आम्ही आधी नोटीस पिरियड विचारतो आणि बोनसची अट बघायला मागतो. काहींना ही चौकशी नको तितकी वाटते. पण अर्ज कुठे आणि केव्हा करायचा, हे त्या दोन गोष्टींवरच ठरतं.

जागा दोन तऱ्हेच्या असतात. बजेट मंजूर झालं की नवी पदं निघतात, बहुतेक आर्थिक वर्षाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत. बोनस खात्यात जमा झाला की राजीनामे पडतात आणि जुन्या जागा रिकाम्या होतात. नव्या पदासाठी कंपनी तीन महिने थांबायला सहसा तयार होते. रिकाम्या जागेचं काम मात्र अडलेलं असतं. तिथे ३० दिवसांत येणारा पुढे जातो आणि ९० दिवसांवाला मागे पडतो. पत्र आल्यावर जागे होणारे नेमके याच दुसऱ्या रांगेत उभे राहतात.

समजा, तुमचं आणि समोरच्या कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च आहे, बोनस जूनच्या पगारासोबत मिळतो आणि नोटीस ९० दिवसांची आहे. बऱ्याच ठिकाणी बोनस जमा होण्याच्या दिवशी तुम्ही नोटीसवर असाल तर तो मिळत नाही. म्हणजे राजीनामा १ जुलैला, ऑफर जूनअखेर हातात. पहिल्या मुलाखतीपासून ऑफरपर्यंत चार ते सहा आठवडे धरा. अर्ज एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत गेले पाहिजेत आणि बायोडाटा मार्चमध्ये तयार हवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तुम्ही रुजू होता. हीच सुरुवात जुलैत केलीत तर नोव्हेंबरअखेर उजाडतो, तोही ९० दिवस थांबणारी कंपनी मिळाली तर.

मेमध्ये मुलाखत देताना नवा पगार कळलेला नसतो. सध्याचा आकडा खरा सांगा, वाढ यायची आहे हेही सांगा आणि पत्र आलं की ऑफर स्वीकारण्याआधी पाठवा. ऑफर स्वीकारून मग आकडा वाढवायला गेलात तर बोलणी बिनसतात.

आणखी एक. बोनसची तारीख तुमच्या कंपनीची, पण जागा निघतात समोरच्या कंपनीच्या वर्षाप्रमाणे. तिचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल तर नवी पदं जानेवारी ते मार्चमध्येच निघतात. मग बोनस सोडायचा की पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं, हा हिशेब मांडावा लागतो. अर्ज करायच्या कंपन्यांची यादी आम्ही वर्षानुसार वेगळी करून देतो, ती याचसाठी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे निवांत वेळ मिळतो, जूननंतर ताटकळावं लागतं. येताना नियुक्तिपत्र, बोनसचं धोरण आणि शेवटची वेतनचिठ्ठी बरोबर आणा.