दहापैकी आठ मिळाले तरी इन्सेन्टिव्ह का जातो?

मुंबईत बोनसवरून भांडण झाले ते आधी गिरण्यांमध्ये. पहिल्या महायुद्धानंतर सलग काही वर्षे मिळत आलेला बोनस मालकांनी थांबवला आणि 1924 च्या सुरुवातीला गिरणगाव संपावर गेला. बोनस ही मालकाची मर्जी की मजुराचा हक्क, हा तेव्हाचा वाद होता. पुढे 1965 च्या कायद्याने किमान 4 टक्के, जे नंतर 8.33 झाले, आणि कमाल 20 टक्के अशी चौकट घातली आणि हिशोब मुख्यतः नफ्याशी बांधला. ग्राहकाला काय वाटले, हा प्रश्न त्या सगळ्या इतिहासात कुठेच नव्हता.

तो आला 2000 नंतर, आणि बोनसच्या नावाने नव्हे तर ‘व्हेरिएबल’ किंवा ‘इन्सेन्टिव्ह’ या नावांनी. मालाड, ऐरोलीची कॉल सेंटरे, खाजगी बँकांच्या शाखा आणि मोटार कंपन्यांची सर्व्हिस सेंटरे या तिन्ही ठिकाणी पगाराचा एक भाग ग्राहकाच्या गुणांवर ठरू लागला. यात सर्व्हिस सेंटरचे उदाहरण सगळ्यात बोलके आहे, कारण तिथे गुण देणारा आणि गुणांवर पोट असलेला माणूस काउंटरवर समोरासमोर उभे असतात.

या पद्धतीचे मूळ 2003 साली एका अमेरिकी व्यवस्थापन मासिकात आलेल्या लेखात आहे. ग्राहकाला एकच प्रश्न विचारायचा: तुम्ही आमची शिफारस मित्राला कराल का? उत्तर शून्य ते दहामध्ये. नऊ आणि दहा देणारे ‘प्रमोटर’, सात-आठ देणारे ‘पॅसिव्ह’, शून्य ते सहा देणारे ‘डिट्रॅक्टर’. प्रमोटरच्या टक्क्यांमधून डिट्रॅक्टरचे टक्के वजा केले की कंपनीचा स्कोअर. सात-आठवाल्यांची बेरीजही नाही, वजाबाकीही नाही.

ही रेघ नऊवर ओढण्याचा निर्णय सगळ्यात वादाचा ठरला. मूळ कल्पनेत त्यामागे कारण होते: पुन्हा खरेदी करणारे आणि चार जणांना सांगणारे ग्राहक प्रामुख्याने नऊ-दहा देणाऱ्यांत सापडले होते. पण महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाच्या मनातली मोजपट्टी वेगळी आहे. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, पंचाहत्तर म्हणजे डिस्टिंक्शन. दादरचे निवृत्त शिक्षक गाडीचे काम चोख झाले म्हणून आठ देतात, तेव्हा ते शाबासकी देत असतात. हिशोबात त्या आठचे मोल शून्य. आणि ‘ठीक होतं, थोडा उशीर झाला’ म्हणून दिलेले सहा, म्हणजे आपल्याकडचा फर्स्ट क्लास, थेट विरोधकांच्या रकान्यात जातात. ही मोजपट्टी इथल्या ग्राहकाला कोणी समजावली नाही. ते काम आपसूक कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडले, आणि विनवणीची सुरुवात तिथून झाली.

दुसरी चूक आणखी मोठी. हजारो उत्तरांवरून कंपनीची तब्येत पाहण्यासाठी काढलेला हा आकडा एकेका माणसाच्या पगाराला जोडला गेला. समजा, गोरेगावच्या एका सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या नावावर महिन्याला वीस उत्तरे आली. चौदा जणांनी नऊ-दहा दिले, चौघांनी सात-आठ, दोघांनी सहा. 70 टक्क्यांतून 10 टक्के वजा, स्कोअर 60. टार्गेट 70 असेल तर इन्सेन्टिव्ह नाही. आता सहा देणाऱ्या दोघांपैकी एकाने नऊ दिले असते तर? प्रमोटर 75 टक्के, डिट्रॅक्टर 5, स्कोअर बरोबर 70. पूर्ण रक्कम खात्यात. सरासरी मात्र दहापैकी अवघ्या 0.15 ने हलली असती. सेवेत नजरेत भरेल असा काहीच फरक पडलेला नाही, पण घरी जाणारे पैसे बदलले.

त्यात ज्या गोष्टींमुळे ग्राहक नाराज होतो त्या बहुतेक अ‍ॅडव्हायझरच्या हातात नसतात. सुटा भाग गोदामातून आला नाही, वॉशिंगची रांग लांबली, पावसाळ्यात एकाच दिवशी दुप्पट गाड्या घेतल्या. यातले काहीही तो सुधारू शकत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, समोरचा ग्राहक. म्हणून गाडी ताब्यात देताना हे ऐकू येते: ‘सर, दोन दिवसांत कंपनीतून फोन येईल. काही कमी-जास्त झालं असेल तर आत्ता मला सांगा, पण फोनवर दहाच सांगा. आठला आमचे पैसे कट होतात.’ मी याला लाचारी म्हणणार नाही. त्याला दिलेल्या नियमांत यापेक्षा शहाणपणाचा मार्ग त्याच्यापुढे नाही.

पण हे विनवणीवर थांबत नाही. लिंक आली की ग्राहकाचा फोन हातात घेऊन स्वतःच भरायचे, मोफत पॉलिशच्या बदल्यात दहा मागायचे, नाराज दिसणाऱ्या ग्राहकाचा मोबाईल नंबर जॉबकार्डवर एका आकड्याने चुकवायचा म्हणजे फोन जाणारच नाही. ग्राहकाला पुढच्या सर्व्हिसला त्याच माणसाकडे यायचे असते, त्यामुळे तो भिडेखातर हो म्हणतो. 2010 च्या दशकात अ‍ॅपवरच्या टॅक्सी, डिलिव्हरी आणि घरी येणाऱ्या ब्युटिशियन आल्यावर भीड आणखी वाढली. तिथे नुसता बोनस नव्हे, पुढचे कामच पाच स्टारवर अवलंबून असते, आणि स्टार मागणाऱ्याला तुमचे घर माहीत असते. एकट्या राहणाऱ्या बाईला दारात ‘मॅडम, फाइव्ह स्टार आत्ताच द्या ना’ म्हटले की तिच्यापुढे निवड उरत नाही, मागणारा कितीही अडचणीत असला तरी.

आकडे फुगले आहेत हे ओळखणे अवघड नाही. गाडी ताब्यात दिल्यावर पाच-दहा मिनिटांत आलेल्या उत्तरांचा गठ्ठा दिसतो. एकाच अ‍ॅडव्हायझरच्या जॉबकार्डवर न लागणारे नंबर जास्त निघतात. दहाच्या पुढे शेरा रिकामा असतो किंवा नुसते ‘गुड’. सगळ्यात पक्की खूण म्हणजे स्कोअर चढत असताना त्याच तक्रारीसाठी महिन्याभरात परत येणाऱ्या गाड्या कमी होत नाहीत.

2021 मध्ये ही पद्धत मांडणाऱ्यानेच त्याच मासिकात पुन्हा लिहून आकड्याचा गैरवापर होत असल्याची, गुणांसाठी विनवणी आणि दडपण येत असल्याची तक्रार केली. काही ठिकाणी व्यक्तीऐवजी शाखेच्या स्कोअरवर पैसे देणे सुरू झाले. उत्तरांची संख्या वाढल्याने एका ग्राहकाचे वजन घटले हे खरे, पण मग मॅनेजरच सगळ्यांकडून दहा मागवून घेऊ लागतो. आपल्याकडे 2022 मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी भारतीय मानक आले. 2023 मध्ये केंद्राने ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात पुन्हापुन्हा मागे लागणे आणि लाज वाटायला लावून होकार मिळवणे या दोन्हींचा उल्लेख आहे. मात्र पहिल्याचा रोख प्रसिद्ध होणाऱ्या परीक्षणांवर आहे आणि दुसऱ्याचा अ‍ॅप-वेबसाइटच्या रचनेवर. कंपनीने स्वतःसाठी फोनवर घेतलेले गुण आणि त्यासाठी काउंटरवर तोंडी केलेली मागणी हे दोन्हीच्या रोखाबाहेर राहते. पगारपत्रकातली ‘नऊच्या खाली काही नाही’ ही अट तर कोणत्याच ग्राहकाला दाखवली जात नाही.